बोनस आला: कर्जात भरायचा की गुंतवायचा?

दिवाळीच्या तोंडावर जळगाव एमआयडीसीतल्या कंपन्यांत बोनस वाटला जातो आणि लगेच मोबाइलवर दोन हिशेब फिरू लागतात. एक म्हणतो, ‘1 लाख कर्जात भरा, 4 लाख व्याज वाचवा.’ दुसरा म्हणतो, ‘तेच 1 लाख फंडात टाका, 20 वर्षांत साडेनऊ लाख होतील.’ वाचणारा 4 आणि साडेनऊ शेजारी ठेवतो आणि निकाल लावून मोकळा होतो. हे आकडे असे शेजारी ठेवताच येत नाहीत. दरवर्षी हेच पाहून आता वीट आला आहे.

हप्ता काय, मुद्दल काय, हे घरकर्ज फेडणाऱ्याला सांगायची गरज नाही. फ्लोटिंग दराच्या घरकर्जात मुदतीआधी पैसे भरायला वैयक्तिक कर्जदाराला दंड पडत नाही, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. तेव्हा थेट हिशेबाला लागू.

समजा, 30 लाखांचं कर्ज आहे, दर साडेआठ टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता 26,035 रुपये. सुरुवातीलाच बोनसचे 1 लाख मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज साधारण साडेएकोणीस हप्ते आधी संपतं. न भरावे लागणारे ते हप्ते होतात सुमारे 5 लाख 9 हजार. त्यातून आपले 1 लाख वजा केले की उरतात 4 लाख 9 हजार, म्हणजे ते ‘वाचलेलं व्याज’.

पण हे पैसे आज हातात येत नाहीत. ते अठरा वर्षं उलटल्यावर, दर महिन्याला एकेक हप्ता न भरण्याच्या रूपाने मिळतात. ते हप्तेही विसाव्या वर्षापर्यंत साडेआठ टक्क्यांनी गुंतवले असं धरलं, तर होतात 5 लाख 44 हजार. आणि 1 लाख रुपये, दरमहा व्याज धरून, साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं वाढवले तर नेमके तेवढेच होतात. म्हणजे ‘1 लाखावर 4 लाख’ हा चमत्कार मुळीच नाही. ती साडेआठ टक्क्यांची, खात्रीची, करमुक्त गुंतवणूक आहे. तुलना दराची दराशी करा, तीही कर वजा करून. वाचलेल्या व्याजाची रक्कम जमलेल्या रकमेशी लावणं बंद करा.

‘आता व्याज भरून झालं, शेवटच्या वर्षांत भरून काय फायदा?’ हा प्रश्नही त्याच गोंधळातून येतो. व्याज दर महिन्याला शिल्लक मुद्दलावर लागतं. पंधराव्या वर्षी भरलेला रुपयाही तेच साडेआठ टक्के वाचवतो, फक्त कमी वर्षं.

आता समोरच्या बाजूला काय आहे ते बघा. 7 टक्क्यांची एफडी 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये कर जाऊन साडेपाच टक्क्यांवर येते. 20 वर्षांत 1 लाखाचे जेमतेम 2 लाख 90 हजार. घरकर्ज चालू असताना बोनसची एफडी करू नका, हे माझं ठाम मत आहे. अपवाद एकच: सहा हप्त्यांइतकी रक्कम अडीअडचणीसाठी हाताशी हवी, कारण साध्या कर्जात भरलेला पैसा परत काढता येत नाही. इक्विटी फंडाला मात्र खरी संधी आहे. पण नफ्यावरचा 12.5 टक्के कर धरता त्याने वर्षाला साडेनऊच्या आसपास द्यायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी होते. साडेनऊ लाखांचा तो मेसेज 12 टक्के गृहीत धरतो, आणि त्या 12 टक्क्यांची हमी कुणी देत नाही. दहा-बारा वर्षं त्या पैशाला हात लावणार नसाल, तरच तिकडे जा.

कराची एक मेख आहे. नव्या कररचनेत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, तिथे साडेआठ म्हणजे साडेआठच. जुन्या रचनेत वर्षाला 2 लाखांपर्यंत व्याज वजा होतं, म्हणून 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये कर्ज खरं तर पावणेसहाच्या थोडं वरच पडतं. पण 30 लाखांवर पहिल्या वर्षी अडीच लाखांवर व्याज लागतं. मुद्दल भरल्यावर कमी होतं ते आधी 2 लाखांच्या वरचं व्याज, आणि त्यावर तशीही सूट नव्हती. म्हणून शिल्लक साडेतेवीस लाखांच्या खाली येईपर्यंत जुन्या रचनेतही पूर्ण साडेआठ टक्के वाचतात.

पैसे भरताना शाखेत ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लेखी द्या आणि परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्या. वरच्या उदाहरणात शेवटच्या हप्त्याची तारीख दीड वर्षाहून जास्त अलीकडे आलेली दिसली पाहिजे. तारीख तीच राहून हप्ता 868 रुपयांनी कमी झाला असेल, तर बँकेने मुदत कमी केलेली नाही. दर तेव्हाही साडेआठच वाचतो, पण ते 868 दर महिन्याला किराणा-पेट्रोलात जिरतात. त्याच आठवड्यात जाऊन ते बदलून घ्या.