थ्री-फेज लाइनचा इंडक्टन्स, भूमितीमध्य अंतर आणि ट्रान्सपोझिशन

ओव्हरहेड लाइनच्या प्रत्येक फेजभोवतीचा चुंबकीय फ्लक्स तिच्या स्वतःच्या प्रवाहाइतकाच शेजारच्या दोन फेजवरही अवलंबून असतो. त्यामुळे कंडक्टर टॉवरवर कुठे टांगला आहे, यावर त्याचा इंडक्टन्स ठरतो. तिन्ही कंडक्टर समभुज त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर असतील तर तिन्ही फेज सारख्या असतात. प्रत्यक्षात असे टॉवर क्वचितच दिसतात.

उदाहरणासाठी १३२ केव्ही लाइन घेऊ. पँथर एसीएसआर कंडक्टर (व्यास २१ मिमी) एका आडव्या ओळीत ४ मीटर अंतराने आर, वाय, बी या क्रमाने आहेत. कडेच्या दोघांतले अंतर अर्थातच ८ मीटर. स्ट्रँडच्या रचनेमुळे कंडक्टरची भूमितीमध्य त्रिज्या (जीएमआर) बाह्य त्रिज्येच्या ०.८२६ पट, म्हणजे ८.६७ मिमी येते. संतुलित प्रवाह धरून मोजल्यास मधल्या वाय फेजचा इंडक्टन्स १.२३ मिलिहेन्री प्रति किमी, तर कडेच्या फेजचा १.३० येतो.

हा फरक डोळ्यांत भरतो, पण खरी अडचण दुसरीच आहे. आर फेजला वाय ४ मीटरवर आणि बी ८ मीटरवर असल्याने त्यांच्या फ्लक्सची बेरीज आरच्या प्रवाहाशी एकाच कलेत राहत नाही. परिणामी आरमध्ये किलोमीटरमागे सुमारे ०.०३८ ओहम जादा रोध असल्यासारखे दिसते आणि बीमध्ये तेवढाच कमी. हा रोध उष्णता निर्माण करत नाही. आर फेजमधून ऊर्जा बी फेजकडे जात असते. १०० किमी लाइनवर ३०० अँपिअरला हा घटक आरमध्ये +१.१ आणि बीमध्ये −१.१ किलोव्होल्ट भरतो. फेज व्होल्टेज ७६ किलोव्होल्ट आहे, म्हणजे सुमारे दीड टक्का. पलीकडच्या टोकाला असंतुलित व्होल्टेज मिळते आणि त्यातून मोटरमध्ये ऋण-क्रम, म्हणजे उलट फेज-क्रमाचा, प्रवाह वाहतो.

यावर उपाय म्हणजे ट्रान्सपोझिशन. लाइनचे तीन समान भाग करून प्रत्येक फेजला तिन्ही जागा फिरवून देतात: पहिल्या भागात आर-वाय-बी, मग बी-आर-वाय, मग वाय-बी-आर. सूत्रात अंतर लॉगरिदमच्या रूपात येत असल्याने तीन भागांची सरासरी काढताना लॉग बेरजेत येतात, आणि लॉगची बेरीज म्हणजे अंतरांचा गुणाकार. म्हणून साधी सरासरी (५.३३ मीटर) चालत नाही, त्या गुणाकाराचे घनमूळ घ्यावे लागते; हेच भूमितीमध्य अंतर, म्हणजे जीएमडी:

```
GMD = (4 × 4 × 8)^(1/3) = 5.04 m
L = 0.2 ln(GMD/GMR) = 0.2 ln(5.04/0.00867)
  = 1.27 mH/km
```

५० हर्ट्झला ही ०.४० ओहम प्रति किमी रिॲक्टन्स झाली. आर-बीमधला धन-ऋण रोधही तीन भागांत मिळून शून्य होतो.

फेज चक्राकार फिरवणे आवश्यक असते. प्रत्येक ट्रान्सपोझिशन टॉवरवर आर-वाय यांचीच अदलाबदल केली, तर बी शेवटपर्यंत कडेलाच राहते आणि असंतुलन पूर्णपणे जात नाही. भाग असमान असले किंवा मध्येच एखादी टॅप लाइन भार घेत असली, तरी समतोल बिघडतो, कारण तिन्ही भागांतला प्रवाह सारखा असेल तरच सरासरी लागू पडते. प्रत्येक भागाच्या आत असंतुलन असतेच; फॉल्ट मध्ये कुठे झाला तर डिस्टन्स रिलेच्या अंतरमापनात त्यामुळे थोडी चूक येते.

ट्रान्सपोझिशन टॉवर महाग असतात, शिवाय तिथे जंपर एकमेकांना ओलांडत असल्याने क्लिअरन्स सांभाळणे कठीण जाते. त्यामुळे लहान लाइन बहुधा ट्रान्सपोझिशनशिवायच ठेवतात.