साडी बदलली की फोटोतला चेहराही का बदलतो?

कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या दुकानातून भाचीने लग्नात नेसायच्या साडीसाठी दोन फोटो पाठवले. एकात खांद्यावर गर्द निळी साडी, दुसऱ्यात मोतिया. खाली लिहिलं होतं, "मामा, मोतियात मी लईच काळवंडलोय बघ. निळीच घेतो."

फोटो बघितल्यावर कुणीही तिच्याशी सहमत झालं असतं. निळ्या साडीत गाल उजळ होता, मोतियात मळकट. मी दोन्ही फोटो संपादनाच्या ॲपमध्ये उघडून गालावरच्या एकाच जागेचा रंग मोजला. फोनच्या फोटोत प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, 0 ते 255. निळ्या साडीच्या फोटोत गाल 205, 148, 112 होता आणि मोतियाच्या फोटोत 158, 110, 80. दोन मिनिटांत कातडीचा रंग एवढा बदलत नाही. बदलला होता तो कॅमेऱ्याचा हिशेब.

फोन चौकटीतला एकूण उजेड बघून फोटो किती उजळ ठेवायचा ते ठरवतो. चौकटीचा मोठा भाग गर्द असेल तर तो सगळंच उजळ करतो, त्यात चेहराही आला. फिकट कापड असेल तर सगळं दाबतो. "गडद रंगात मी गोरी दिसते" हा अनुभव फोटोपुरता तरी बराचसा इथून येतो. डोळ्यांचीही थोडी भर असते, कारण गडद रंगाशेजारची वस्तू आपल्याला उजळ भासते. शेजारचे रंग एकमेकांना बदलतात, हे पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाईचं काम बघणाऱ्या शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने 1839 साली सविस्तर मांडलं. कोणतं कापड चेहऱ्याशेजारी कसं दिसतं हेही त्याने लिहिलं. पण त्याच्या डोळ्यांपुढे मुख्यतः गोरे चेहरे होते, त्यामुळे ते नियम आपल्याला जसेच्या तसे लावू नयेत.

दुसरी फसवणूक दिव्याची. दुकानातल्या बाईंनी भाचीला "तुझ्या कातडीत पिवळी झाक आहे" असं सांगितलं होतं. निळ्या साडीच्या फोटोत काउंटरवर, तिच्या चेहऱ्यावरच्याच उजेडात, एक पांढरं बिल पडलेलं होतं. ते मोजलं तर 236, 214, 178. पांढऱ्या कागदाचे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. इथे लाल जास्त आणि निळा कमी, म्हणजे दिवाच पिवळा. बिलाचे तिन्ही आकडे 214 वर आणण्यासाठी जे गुणोत्तर लागतं तेच गालाला लावलं: 186, 148, 135. पिवळेपणा बराचसा उतरला. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या यावरून झाक ओळखायची पद्धतही याच उजेडात फसते, आणि सावळ्या हातावर शिरा धड दिसतही नाहीत.

मग तिला दोन्ही साड्यांचे नमुने घेऊन घरी बोलावलं. सकाळी दहाला खिडकीजवळ बसवलं, थेट ऊन नाही, घरातले दिवे बंद, फोनचा ब्यूटी फिल्टर बंद. पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की एक्स्पोजर लॉक होतं. ते केलं आणि मग फक्त कापड बदललं. हनुवटीखाली झेरॉक्सचा कागद धरला होता, पण त्यात एक मेख आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घातलेलं रसायन दिवसाच्या उजेडात निळसर चमकतं. त्याच्यावरून फोटो दुरुस्त केला तर चेहरा किंचित पिवळा होतो. फोटोग्राफरकडचं राखाडी कार्ड मिळालं तर उत्तम.

आता दोन्ही फोटोंत गालाचे आकडे जवळजवळ एकच आले. उरला तो फरक खरा होता, आणि तो गालावर नव्हता. मोतिया कापड खिडकीचा उजेड वर फेकत होतं, त्यामुळे हनुवटीखालची सावली आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं सौम्य झाली होती. निळ्यात ती तशीच उठून दिसत होती. गंमत म्हणून कपाटातली पोपटी ओढणीही लावून बघितली. तिने जबड्याच्या कडेला हिरवट छटा टाकली आणि चेहरा आजारी वाटू लागला. कापड चेहऱ्याच्या जितकं जवळ, तितकी ही छटा जास्त. म्हणून न शोभणारा रंग काठाला चालतो, ब्लाउजच्या गळ्याशी चालत नाही.

माझ्या मते बघायचं ते हेच: कातडी एकसारखी दिसते का, डोळे आधी दिसतात का. चेहरा किती उजळला ही मोजपट्टीच चुकीची.

शेवटी फोटो कृष्णधवल करून बघितला. मोतियात केस, चेहरा आणि साडी या तीन वेगळ्या पायऱ्या दिसत होत्या. निळ्यात केस आणि साडी एकाच काळ्या पट्ट्यात मिसळली होती, आणि मधे चेहरा तेवढा उठून दिसत होता. काहींना नेमकं तेच आवडतं, तिथे आकड्यांचं काम संपतं.

लग्न संध्याकाळचं, हॉलच्या पिवळ्या दिव्यांखालचं. म्हणून त्या रात्री बल्बखाली, एक्स्पोजर लॉक करून, पुन्हा फोटो काढले. मोतिया थोडी लोण्यासारखी झाली, निळी जवळजवळ काळी.

"मामा, काळी नेसून गेलो तर आज्जी घरात घेणार नाही," ती म्हणाली आणि मोतिया बाजूला काढून ठेवली.