शनी-चंद्र म्हणजे नातं मोडणार?

"त्याचा शनी माझ्या चंद्रावर येतोय, म्हणजे हे लग्न टिकणारच नाही ना?"

असं काही नसतं. जोतिषी मुळात शनीला बांधून ठेवणारा ग्रह मानतात, त्यामुळे जोड्या जुळवताना उलट शनीचा संबंधच नसला तरच काही जण म्हणतात की आकर्षण आहे पण थांबायला कारण नाही. बघायचं असतं ते बंधन आधाराचं की कोंडीचं.

समजा ठाण्यातला मुलगा, शनी कुंभेत १४ अंशावर, आणि घणसोलीची मुलगी, चंद्र वृश्चिकेत १६ वर. अंतर ८८ अंश, म्हणजे जवळजवळ ९० अंशांचा, ताणाचा केंद्रयोग, आणि आपल्या पद्धतीने शनीची दहावी दृष्टी. वर चंद्र नीचेचा, म्हणजे दुबळा, त्यामुळे मुलाने साधा सल्ला दिला तरी तिला ती टीका वाटणार, दाब तिच्यावरच. एवढंच असतं तर मी पण सावध राहा म्हटलं असतं. पण तिचा शनी कुंभेत ३ वर आणि त्याचा शुक्र तुळेत ४ वर, हा जवळजवळ १२० अंशांचा, जुळणारा त्रिकोण, इथे तिच्यामुळे त्याचं प्रेम स्थिर होतं. जबाबदारी दोन्हीकडून असली की कमिटमेंट म्हणतात, एकच जण कायम नियम लावतोय आणि दुसरा आक्रसतोय तर कोंडी.

आणि हो, शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो, म्हणजे त्याच्या अख्ख्या बॅचचा शनी तिच्या चंद्राला तसाच बघतो! म्हणून नुसती रास नको, अंश बघा.