पातळी जुळते, पोत जुळत नाही: निवेदनाच्या दोन वेगळ्या अडचणी

ऑडिओबुकचं निवेदन एका बैठकीत संपत नाही. शनिवारी पाचवं प्रकरण वाचलं, एडिटिंग करताना एक वाक्य चुकलेलं सापडलं आणि गुरुवारी ते पुन्हा वाचून मध्ये जोडलं, की ऐकणाऱ्याला तिथे लगेच खटकतं. अशा वेळी बहुतेक जण पातळी जुळवायला धावतात. नॉर्मलाइज केलं, आकडा सारखा आला, तरी खटकणं जात नाही. कारण आवाज किती मोठा आहे ही एक गोष्ट आणि तो कसा आहे, म्हणजे त्याचा पोत, ही दुसरी. पहिली सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण दुरुस्त होते, दुसरी बरीचशी रेकॉर्ड करतानाच ठरून जाते.

दोन्हींची गल्लत होण्याचं कारण आपल्या कानात आहे. तोच आवाज जरा मोठा केला की तो जास्त भरदार वाटतो. म्हणून आधी दोन्ही तुकडे एका पातळीवर आणायचे (ऑडॅसिटीत Loudness Normalization वापरून, RMS निवडून दोघांना -20 dB) आणि मगच लागोपाठ ऐकायचे. आता फरक मिटला, तर अडचण पातळीचीच होती. फरक उरला, तर तो पोताचा. हे न करता थेट इक्वलायझर हातात घेणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, असं माझं मत आहे.

पोत बिघडतो तो बहुतेकदा अंतरामुळे. समजा, शनिवारी तोंड माइकपासून 15 सेंटिमीटरवर होतं आणि गुरुवारी खुर्ची मागे सरकल्यामुळे 30 सेंटिमीटरवर गेलं. गेनचं बटण तेच, वाचण्याचा जोर तोच. अंतर दुप्पट झालं की माइकपर्यंत थेट पोहोचणारा आवाज साधारण 6 डेसिबलने घटतो. भिंतींवरून परत येणारा आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो आणि खोलीतली घरघरही तेवढीच. शनिवारची पातळी -20 असेल तर गुरुवारची -26 भरेल. ती 6 ने वाढवली की आकडे जुळतात, पण खोलीचा घुमारा आणि घरघरही 6 ने वर येते. शांततेत घरघर -62 असेल तर ती आता -56 होते. एसीएक्स या ऑडिओबुक प्रकाशनाच्या मंचावर पुस्तक द्यायचं असेल तर घरघर -60 च्या खाली असावी लागते, म्हणजे शनिवारी चाललेली खोली गुरुवारी नापास.

याखेरीज कार्डिऑइडसारखे एका दिशेने ऐकणारे माइक जवळच्या आवाजातला खर्ज वाढवतात. मागे सरकलं की तो खर्ज गळतो आणि आवाज पातळ होतो. इतकं इक्वलायझरने सावरता येतं: दोन्ही तुकड्यांवर Plot Spectrum लावून बघायचं, साधारण 200 हर्ट्झच्या खालचा भाग दोन-तीन डेसिबलने उचलायचा आणि कानाने पडताळायचं. घुमारा मात्र इक्वलायझरने निघत नाही. कॉम्प्रेसरने तर तो आणखी उघडा पडतो, कारण कॉम्प्रेसर मोठे आवाज दाबतो आणि नंतर सगळं वर उचलल्यावर शब्दांमधल्या फटींतली खोली पुढे येते.

मग वाचणाऱ्याचा गळा. सकाळी आवाज जड आणि खालच्या सुरात असतो, दिवसभर बोलून झाल्यावर तो चढतो. हे कुठल्याही फिल्टरने नीट भरून निघत नाही. म्हणून दुरुस्ती शक्यतो मूळ बैठकीच्याच वेळेला करावी. सुरू करण्याआधी जुन्या प्रकरणातला, चुकीच्या लगेच आधीचा परिच्छेद हेडफोनवर ऐकावा, त्याच्यासोबत मोठ्याने वाचावं आणि सूर व गती बसली की रेकॉर्डचं बटण दाबावं. अंतरासाठी माइकच्या स्टँडला ठरावीक लांबीची दोरी बांधून ठेवावी. बसल्यावर ती हनुवटीपर्यंत ताणून पाहायची आणि मग बाजूला सोडायची. खिडकी, पडदे, पंखा, कपाटाचं दार यांची स्थितीही लिहून ठेवावी. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला तरी पुरे.

वरच्या उदाहरणात मी ते एक वाक्य जोडणार नाही. घरघर आणि घुमारा दोन्ही आड येत असताना खर्ज उचलून तात्पुरतं चालवता येईल, पण हेडफोनवर ऐकणाऱ्याला ते कळेल. 15 सेंटिमीटरवर बसून अख्खा परिच्छेद पुन्हा वाचायचा आणि सांधा दोन परिच्छेदांमधल्या लांब थांब्यात घ्यायचा. त्या थांब्यात पूर्ण शांतता टाकायची नाही. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला गप्प बसून टिपलेली अर्ध्या मिनिटाची रिकामी खोली तिथे भरायची आणि दोन्ही टोकांना छोटा क्रॉसफेड द्यायचा.