थीसिस उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकते का?

“मॅडम, शाळेतली नोकरी सांभाळून एमए करतेय, थीसिस मे महिन्याच्या सुट्टीत होऊन जाते म्हणतात, खरंय का?”

नाही हो, कारण तुमचा डेटा शाळेतल्या मुलांकडून घ्यायचा आणि नागपुरात मेमध्ये वर्ग रिकामे, गाइडही बरेचदा सुट्टीवर. सुट्टी वाचनाला ठेवा. फेब्रुवारीपर्यंत प्रपोजल, शाळा सुरू असतानाच मुख्याध्यापकांची लेखी परवानगी अन् प्रश्नावलीची छोटी चाचणी, मग जुलै-ऑगस्टमध्ये डेटा. हे चुकलं की सहामाही, दिवाळी येते आणि काम थेट नोव्हेंबरात जातं, तिथेच बहुतेकांचं वर्ष सरकतं. दिवाळीच्या सुट्टीत विश्लेषण, जानेवारीपर्यंत कच्चा मसुदा. गाइडला प्रत्येक प्रकरणाला दोन-तीन आठवडे द्याच, मार्चमध्ये पेपर तपासायचे असतात तेव्हा फक्त दुरुस्त्या आणि प्लेजरिझम चेक, एप्रिलमध्ये सबमिशन.