जनसुनावणीआधी ईआयएचा कार्यकारी सारांश कसा तपासावा : कोण बोलू शकतं, कागद कुठे मिळतात

चिकोडी, निपाणी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यात मोठा कारखाना यायचा किंवा वाढायचा असला की पेपरात जनसुनावणीची जाहिरात येते. त्यानंतर गावात जो कागद फिरतो तो बहुतेक वेळा कार्यकारी सारांशच असतो. मूळ पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अहवाल, म्हणजे ईआयए, कित्येक शे पानांचा आणि इंग्रजीत असतो, तो कोणी उघडत नाही. त्यामुळे लोक जे बोलतात ते सारांशावर बोलतात. सारांशातच गोष्ट गळलेली असेल तर तिच्यावर सुनावणीत प्रश्नच येत नाही.

कोणाला हक्क आहे

२००६ च्या ईआयए अधिसूचनेप्रमाणे सुनावणीत प्रकल्पाची झळ पोचणाऱ्या स्थानिकांचं म्हणणं ऐकलं जातं. बाहेरगावी राहणारे, पण प्रकल्पाच्या पर्यावरणाशी ज्यांचा संबंध आहे, त्यांनी लेखी म्हणणं द्यायचं. नदीच्या खालच्या अंगाचा शेतकरी हा त्यातला सरळ दाखला. बोलायला फी नाही आणि ठरावीक फॉर्मही नाही. नाव आणि गाव नोंदवून घेतात, म्हणून आधार किंवा रेशन कार्ड जवळ ठेवा. तुमच्या विहिरीचा किंवा शेताचा मुद्दा असेल तर उताऱ्याची झेरॉक्सही लावा. जाहिरात आणि सुनावणी यांच्यात किमान ३० दिवस असावे लागतात. तुमची सगळी तपासणी या ३० दिवसांत बसवायची आहे.

कागद कुठे पाहायचे

मसुदा अहवाल आणि सारांश डीसी ऑफिस, जिल्हा पंचायत, जिल्हा उद्योग केंद्र आणि स्थानिक पंचायत किंवा नगरपालिकेत ठेवतात. सुनावणी होईपर्यंत कामाच्या वेळेत ते कोणालाही पाहता येतात. सारांश कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवरही असतो. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून वाट पाहू नका. त्याच्या उत्तरालाच ३० दिवसांची मुदत आहे, तोवर सुनावणी उरकलेली असेल. सरळ ऑफिसात जाऊन बसा आणि हवी ती पानं उतरवून घ्या.

भाषेचं तेवढं आधी बघा. सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या अधिकृत किंवा स्थानिक भाषेत द्यायचा असतो, आणि आपल्याकडे तो कन्नडमध्ये येतो. गावं मराठी बोलणारी असतील तर ‘स्थानिक भाषा’ या शब्दाचा आधार घेऊन मराठी प्रतीची मागणी पहिल्याच आठवड्यात लेखी द्या आणि पोच घ्या. मराठी प्रत मिळाली तरी तिच्यातले आकडे इंग्रजीशी ताडून पाहा.

पहिली कसोटी : सारांश एकटा उभा राहतो का

मोठा अहवाल बाजूला ठेवा आणि फक्त सारांश वाचा. त्याला दहा पानांची मर्यादा आहे, पण तेवढ्यात प्रकल्पाचं वर्णन, आजची परिस्थिती, होणारे परिणाम आणि उपाय, देखरेख, जादा अभ्यास, फायदे आणि पर्यावरण व्यवस्थापन हे सगळं यावं लागतं. वाचून झाल्यावर स्वतःला विचारा: क्षमता आज किती आणि उद्या किती? पाणी कुठून आणि किती? सांडपाणी कुठे जाणार? उपाय करूनही काय त्रास उरणार? उत्तराच्या जागी ‘तपशील प्रकरण ४ मध्ये’ किंवा ‘तक्ता ४.६ प्रमाणे’ एवढंच सापडलं तर तो सारांश अपुरा आहे. सर्वांत जास्त वेळा गळतो तो शेवटचा प्रश्न. उपायांची यादी पानभर असते, उरणाऱ्या त्रासाबद्दल ओळही नसते.

दुसरी कसोटी : अहवालात निघालं तेच सारांशात आहे का

इथे एक चूक होते. लोक सारांश अहवालाच्या ११व्या प्रकरणाशी, म्हणजे ‘सारांश आणि निष्कर्ष’ या प्रकरणाशी ताडतात, आणि जुळलं की निश्चिंत होतात. पण ते प्रकरणही त्याच लेखणीतून उतरलेलं असतं. ताडायचं ते प्रकरण २ (प्रकल्प), ३ (आजची परिस्थिती), ४ (परिणाम) आणि १० (व्यवस्थापन) यांच्याशी.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते माझे आहेत. दूधगंगेकाठी साखर कारखान्याला जोडून डिस्टिलरी येते आहे. सारांश म्हणतो : ‘ताज्या पाण्याची गरज दररोज १०० घनमीटर, बाकी गरज कंडेन्सेटमधून भागेल, नदीवर लक्षणीय परिणाम नाही.’ वाक्य खोटं नाही. उसात सुमारे ७० टक्के पाणीच असतं. रस आटवताना त्याची वाफ होते आणि ती थंड झाली की कंडेन्सेट म्हणून परत वापरता येते. पण हे पाणी गाळप चालू आहे तोवरच मिळतं.

आता प्रकरण २ मधला पाण्याचा तक्ता काढा. गाळप हंगाम १६० दिवस, डिस्टिलरी मात्र ३३० दिवस. हंगामात ताजं पाणी १०० घनमीटर, हंगाम संपल्यावर ४२०. उरलेल्या १७० दिवसांचा हिशेब करा : ४२० गुणिले १७० म्हणजे ७१,४०० घनमीटर, त्यात हंगामाचे १६,००० मिळवले की वर्षाला ८७,४००. सारांशातला आकडा वर्षभर धरला असता तर ३३,००० झाले असते. खरी गरज अडीचपटीहून जास्त आहे, आणि वाढीव उपसा नेमका एप्रिल-मेमध्ये सुरू होतो, जेव्हा नदीच्या डोहात पाणी उरलेलं नसतं. आकडा खरा ठेवला आणि त्याची अट, ‘फक्त हंगामात’, तेवढी काढून टाकली. मला हीच गोष्ट सर्वांत घातक वाटते, कारण नुसते आकडे जुळवणाऱ्याला ती सापडत नाही.

हवेच्या बाबतीत असंच काळाचं घसरणं होतं. सारांशात ‘सर्व ठिकाणी हवा मर्यादेत’ असं असेल तर विचारा, आजची की कारखान्यानंतरची? हवेतल्या बारीक धुळीची, म्हणजे पीएम १० ची, २४ तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. प्रकरण ३ मध्ये शाळेजवळची नोंद ९२ असेल आणि प्रकरण ४ मध्ये बॉयलर व ऊसवाहतुकीने ११ ची भर सांगितली असेल, तर बेरीज १०३ होते. मग सारांशातलं वाक्य फक्त आजच्या हवेचं झालं.

क्रियापदंही बघा. सारांशात ‘बसवले जाईल’ आणि प्रकरण १० मध्ये ‘शक्य असल्यास’, किंवा खर्चाच्या तक्त्यात त्या यंत्रणेला रक्कमच नाही, असं असेल तर ती विसंगती लिहून घ्या.

हरकत कशी लिहावी

एका मुद्द्याला एक परिच्छेद पुरे. दोन्ही पान क्रमांक द्या आणि मागणी स्पष्ट लिहा. उदाहरणार्थ : ‘सारांश पान ५ वर ताज्या पाण्याची गरज दररोज १०० घनमीटर दिली आहे. अहवाल प्रकरण २, पाण्याचा तक्ता, यात हंगामानंतर ती ४२० आहे. सारांशात दोन्ही आकडे व दिवस द्यावेत, आणि एप्रिल-मेच्या प्रवाहावर होणारा परिणाम अंतिम अहवालात मोजून दाखवावा.’ दोन प्रती काढा, एक मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का घ्या. सुनावणीत तोच मुद्दा तोंडीही मांडा. सुनावणीचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवायचं असतं, तोवर थांबा. तुमचा मुद्दा त्यात आला नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची सही होण्याआधी तिथेच उभं राहून सांगा. लोकांचे मुद्दे आणि कंपनीची उत्तरं यांचं निवेदन इतिवृत्ताला जोडतात. अंतिम अहवालात तुमच्या मुद्द्यापुढे ‘नोंद घेतली’ एवढंच आहे की तक्ता खरंच बदलला आहे, हे त्यावरून ताडता येतं.