जुना नंबर बंद, पर्यायी ईमेलही बंद: जीमेल खातं परत मिळवताना

पासवर्ड आठवत नाही, गूगल कोड पाठवतंय तो कधीच बंद झालेल्या सिमवर, आणि पर्यायी पत्ता जुन्या कंपनीचा. अशा वेळी आधी आमच्या दुकानात येऊ नका. आमचा कॉम्प्युटर तुमच्या खात्याला अनोळखी आहे. खातं तुमचंच आहे का, हे ठरवताना गूगल नेहमीचं उपकरण, नेहमीचा ब्राउझर आणि नेहमीची जागाही पाहतं, त्यामुळे हे काम घरच्या वायफायवरच जमण्याची शक्यता जास्त.

कपाटातला जुना फोन काढून चार्ज करा. त्यावर खातं अजून चालू असेल तर अर्धं काम झालं. तो रीसेट मात्र मुळीच करू नका. केलात तर हातातला सर्वांत भक्कम पुरावा गेला. घरच्या कॉम्प्युटरवर क्रोम असेल तर पत्त्याच्या पट्टीत हे टाका:

```
chrome://password-manager/passwords
```

तिथे पासवर्ड साठवलेला असेल, तर कॉम्प्युटरचा पिन देऊन डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली की तो दिसतो. बऱ्याच जणांचं काम इथेच संपतं.

नाहीच सापडला तर त्याच उपकरणावर g.co/recover उघडा. बंद नंबरवर कोड पाठवायचं विचारलं की थांबा आणि Try another way दाबा. बंद केलेला नंबर भारतात किमान 90 दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, म्हणजे तुमचा कोड परक्याच्या फोनवर जायचा. जुना फोन चालू असेल तर त्यावर सूचना येऊ शकते; तुम्हीच प्रयत्न करत असाल तरच होकार द्या.

शेवटचा पासवर्ड विचारला आणि आत्ताचा आठवत नसेल, तर त्याआधीचा द्या. समजा Amba#2019 पक्का आठवतो, पण नंतर बदललेला आठवत नाही. मग Amba#2019 च टाका, मोठं-लहान अक्षर आणि चिन्ह जसंच्या तसं. प्रश्न रिकामा सोडण्यापेक्षा अंदाजानं दिलेलं उत्तर बरं. संपर्कासाठी पत्ता मागितला तर आत्ता उघडता येईल असाच द्या, आणि उत्तरासाठी स्पॅमही बघा.

खातं तुमचं असल्याची खात्री पटली नाही, असा संदेश आला तर लगेच पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. फार प्रयत्न झाले की गूगल काही काळ थांबवतं. काही तास जाऊ द्या, मग आठवलेल्या नव्या माहितीसह त्याच उपकरणावरून करा. खातं सोडवून देतो म्हणून पैसे किंवा कोड मागणाऱ्याला काहीही देऊ नका. गूगल असं काम कुठल्याही एजंटाला देत नाही. आम्हीही फॉर्म भरताना शेजारी बसू शकतो, निकाल आमच्या हातात नाही.

आत शिरलात की त्याच बैठकीत नंबर आणि पर्यायी पत्ता बदला. बदलल्यानंतरही 7 दिवस जुन्या नंबरवर कोड मागवण्याचा पर्याय दिसू शकतो. तो वापरू नका.